वगळलेल्या मुलाचे नाव मृत्युपत्रात का हवे

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका वडिलांचे १९८८ सालचे मृत्युपत्र ग्राह्य धरले. वडिलांना नऊ मुले होती. आठ जणांना त्यांनी मिळकत दिली आणि एका मुलीला वगळले, कारण तिने समाजाबाहेर लग्न केले होते. खालच्या न्यायालयांनी तिला नववा हिस्सा दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. निकालाची बातमी आली आणि वादाला तोंड फुटले. एक बाजू म्हणाली, न्यायालयाने जातीच्या अहंकारावर शिक्कामोर्तब केले. दुसरी बाजू म्हणाली, बापाची मिळकत, बापाची मर्जी, यात विचारायचे काय? दोन्ही बाजू तावातावाने बोलत राहिल्या, पण न्यायालयापुढे नेमका प्रश्न कोणता होता हे बहुतेकांनी पाहिलेच नाही. वडिलांचा निर्णय चांगला की वाईट, हा तो प्रश्न नव्हता. तो निर्णय खरोखर वडिलांचाच होता का, एवढेच न्यायालय तपासत होते.

माझे म्हणणे असे आहे: स्वतःच्या मिळकतीतून मुलाला वगळण्याचा अधिकार असावा, आणि तो वापरणाऱ्याने वगळलेल्याचे नाव आणि वगळण्याचे कारण मृत्युपत्रात लिहावे. कायदा त्याची सक्ती करत नाही, तरीही लिहावे. ज्याला काही दिले नाही त्याची समजूत घालण्यासाठी हे कारण लिहायचे नसते. मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा ते लिहिणारा माणूस जगात नसेल, आणि त्याच्या वतीने त्याचे मन उघड करू शकेल असा पुरावा दुसरा क्वचितच असतो, म्हणून ते लिहायचे.

याच न्यायालयाने पाच महिने आधी, जुलै २०२५ मध्ये, अगदी उलट दिसणारा निकाल दिला होता. पंजाबातल्या एका माणसाने जमीन पुतण्याच्या नावे केली होती. मृत्युपत्रात पुतण्याने आपली सेवा केल्याचा उल्लेख होता, पण आपल्याला पत्नी आहे याचा शब्दसुद्धा नव्हता. तिला का वगळले हे तर दूरच राहिले. न्यायालयाने ते मृत्युपत्र नाकारले. केवळ कारण नाही म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. पण सोबत राहणाऱ्या पत्नीचे अस्तित्वच ज्या कागदात नाही, तो कागद त्या नवऱ्याच्या मनातून उतरला आहे यावर विश्वास कसा ठेवायचा? त्यात पुतण्या न्यायालयात म्हणत होता की ही बाई काकांची बायकोच नाही. म्हणजे मृत्युपत्रातले मौन आणि पुतण्याचा दावा एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. कागद काकांचा, पण बोलणे पुतण्याचे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. केरळच्या खटल्यात साक्षीदाराने मृत्युपत्र सिद्ध केले, नऊपैकी एकालाच वगळलेले होते आणि वगळण्यामागचे कारण माहीत होते. ते आपल्याला पटो वा न पटो, ते वडिलांचेच होते यात शंका उरली नाही. दोन निकालांत विसंगती नाही. दोन्हीकडे एकच कसोटी लावली गेली आहे.

ही कसोटी आजची नाही. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार खटल्यात तिची मांडणी केली आणि आजही प्रत्येक जिल्हा न्यायालयात त्या निकालाचा दाखला दिला जातो. मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदारांची सही लागते, आणि साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला न्यायालयात येऊन सांगावे लागते की सही माझ्यासमोर झाली आणि मी त्यांच्यासमोर सही केली. एवढ्यावर साधे मृत्युपत्र सिद्ध होते. पण भोवती संशयाची परिस्थिती असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारीही मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावरच पडते. सही थरथरती आहे, माणूस आजारपणाने खंगलेला होता, ज्याला मिळकत मिळाली त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, आणि मिळकतीचे वाटप अस्वाभाविक वाटते: ही त्या संशयाची नेहमीची रूपे. पोटच्या मुलाला काहीच न देणे या शेवटच्या प्रकारात मोडते. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केली म्हणजे हा सगळा संशय धुऊन निघतो, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. नोंदणी कायद्याने सक्तीचीही नाही. ती केल्यास माणूस त्या दिवशी त्या कार्यालयात हजर होता हे कळते. त्याच्या मनात काय होते हे तिथल्या अंगठ्यावरून आणि फोटोवरून कळत नाही.

आता विरोधी मुद्दे पाहू, कारण ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा असा की मृत्युपत्र करायचेच मुळी नेहमीचा वारसाक्रम बदलण्यासाठी. सगळ्यांना सारखेच द्यायचे असेल तर कायदा ते आपोआप करतोच, मग मृत्युपत्र कशाला? म्हणून एखाद्या वारसाला वगळले एवढ्यावरून संशय घेणे म्हणजे मृत्युपत्राच्या हेतूवरच संशय घेणे. हा युक्तिवाद वकिलांचा नाही, खुद्द सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली तो मान्य केलेला आहे, आणि मलाही तो मान्य आहे. पण त्यातून निघते काय? वगळणे हा गुन्हा नाही, एवढेच. वगळताना गप्प राहणे शहाणपणाचे आहे, हे त्यातून निघत नाही. १९९० च्या एका खटल्यात वडिलांनी मरणाच्या आदल्या दिवशी एका मुलीच्या मुलांना सारे दिले होते आणि दुसऱ्या मुलीला का वगळले याबद्दल अक्षर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने हिंदूंचे मृत्युपत्राचे स्वातंत्र्य पूर्ण आहे असे म्हटले, आणि तरीही ते मृत्युपत्र टिकू दिले नाही. आपल्या मिळकतीवर कोणाचा हक्क पोहोचतो, हे माणसाला सही करताना ठाऊक होते का, हा प्रश्न मृत्युपत्राच्या स्वातंत्र्याच्याही आधी येतो. १८७० साली इंग्लंडमध्ये बँक्स विरुद्ध गुडफेलो या खटल्यात हीच गोष्ट सांगितली गेली, आणि आपली न्यायालये ती आजही वापरतात: आपण काय करतो आहोत, आपली मिळकत किती आहे आणि आपल्यावर कोणाचा नैसर्गिक हक्क आहे हे माणसाला कळले पाहिजे, आणि त्याच्या निर्णयामागे मनाच्या विकाराने घातलेला भ्रम नसावा. वगळलेल्या मुलाचे नाव लिहिले की यातल्या तिसऱ्या गोष्टीचे उत्तर कागदावरच मिळते. बापाला मुलगा आठवत होता. आठवूनच त्याने त्याला वगळले.

दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. अनेक अनुभवी वकील पक्षकाराला सांगतात, कारण लिहू नका, कारण लिहिले की विरोधी पक्षाला ते खोडायला मिळते. यात तथ्य आहे. मृत्युपत्रातले विधान खोटे निघाले तर ते न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण तोच नवा संशय बनतो. पण या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे, की कारण म्हणजे आरोप. बहुतेक मृत्युपत्रांत कारण म्हणून आरोपच लिहिलेला असतो, हे खरे. ते तसे लिहिण्याची गरज आहे का?

एक उदाहरण सविस्तर घेऊ. हे कल्पित आहे, पण असे कागद महाराष्ट्रात गावोगावी होतात. सांगलीतले एक निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४, पत्नी वारलेली. स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट आहे, बँकेत मुदत ठेवी आहेत, आणि गावी एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित अडीच एकर जमीन आहे. थोरला मुलगा पुण्यात, मधली मुलगी मिरजेत, धाकटा मुलगा कोल्हापुरात. धाकट्याने धंद्यासाठी वडिलांकडून १८ लाख रुपये घेतले, ते बुडाले, फ्लॅटवर काढलेले कर्ज वडिलांनी फेडले. गेली सहा वर्षे मुलगी त्यांना सांभाळते आहे. सरांना धाकट्याला काही द्यायचे नाही. ते चिडलेले आहेत, आणि जावयाच्या ओळखीच्या माणसाकडून मजकूर टाइप करून घेतात: ‘माझा धाकटा मुलगा उद्धट व व्यसनी असून त्याने मला कधीही विचारले नाही, माझ्या आजारपणात तो फिरकला नाही, सबब त्यास माझ्या सर्व स्थावर-जंगम मिळकतीतून बेदखल करीत आहे.’

सर गेल्यावर दावा लागतो. धाकटा उलटतपासणीत बहिणीपुढे २०२१ च्या करोनातले दवाखान्याचे बिल ठेवतो, ते त्याच्या खात्यातून भरलेले. वडिलांच्या मोबाइलवरून त्याला आलेले फोन दाखवतो. ‘कधीही’ आणि ‘फिरकला नाही’ हे दोन शब्द तिथेच पडतात. आता प्रश्न उभा राहतो, वडिलांना हे बिल आठवत नव्हते, की त्यांच्या कानात कोणी भरवले होते? मृत्युपत्र कोणी टाइप केले? जावयाच्या मित्राने. साक्षीदार कोण? जावयाचा शेजारी. सरांचा निर्णय मनापासूनचा होता, पण लिहिताना घातलेल्या रागाने तो संशयात गेला. बरे, सगळीच मिळकत त्यांची कुठे होती? वडिलोपार्जित जमिनीत मुलांचा हिस्सा जन्मतः असतो, आणि २००५ पासून मुलीचाही तेवढाच. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, बाप आणि तीन मुले मिळून चार हिस्से, म्हणजे प्रत्येकी २५ गुंठे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सरांना मृत्युपत्र करता येते ते फक्त स्वतःच्या २५ गुंठ्यांचे. धाकट्याचे २५ गुंठे त्यांच्या हातात नव्हतेच, मग त्यातून त्याला बेदखल कसे करणार? ‘सर्व मिळकतीतून’ या शब्दावरून दिसते ते इतकेच, की लिहिणाऱ्याला आपली मिळकत नीट ठाऊक नव्हती. म्हणजे आकलनाच्या कसोटीवरही बोट ठेवायला जागा झाली.

हाच निर्णय असाही लिहिता आला असता: ‘मला तीन अपत्ये आहेत. धाकट्या मुलास मी त्याच्या व्यवसायासाठी १८ लाख रुपये दिले. ती रक्कम माझ्या बँक खात्यातून गेलेली आहे. त्यासाठी फ्लॅटवर घेतलेले कर्ज मी माझ्या निवृत्तिवेतनातून फेडले. ही रक्कम परत आलेली नाही व मी ती मागतही नाही. माझ्या मिळकतीतील त्याचा वाटा त्यास मिळाला असे मी समजतो. त्याने २०२१ साली माझ्या दवाखान्याचे बिल भरले, याची मला जाणीव आहे. माझी मुलगी माझा सांभाळ करते, म्हणून फ्लॅट व ठेवी मी तिला देत आहे. गावच्या जमिनीतील फक्त माझा स्वतःचा हिस्सा थोरल्या मुलास देत आहे.’ या मजकुरातले पैशांबद्दलचे प्रत्येक विधान बँकेच्या नोंदींतून पडताळता येते. धाकट्याच्या बाजूने असलेली गोष्टही त्यात आहे, आणि तीच मृत्युपत्राला सर्वांत जास्त बळ देते. कान भरवणारा माणूस ती लिहू देईल का? यात एकही शिवी नाही, त्यामुळे खोडण्यासारखे फार थोडे उरते. ‘मी हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता राजीखुशीने करीत आहे’ हे ठरीव वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते, दबावाखाली केलेल्यातही असते. त्याचे वजन शून्य. बँकेच्या नोंदींशी जुळणाऱ्या अशा ओळींचे वजन मोठे. साक्षीदार कुटुंबाबाहेरचे, शक्यतो वयाने लहान आणि गावातच राहणारे घ्यावेत. एक साक्षीदार म्हणून नेहमीचे डॉक्टर असतील तर प्रकृतीचा प्रश्नही तिथेच मिटतो. आणि ज्या मुलीला फ्लॅट मिळणार आहे तिने त्या दिवशी त्या खोलीत नसावे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. मेलेल्या बापाने कागदावर कारण ठेवून जाणे ही मुलाला आयुष्यभराची जखम, आणि न्यायालयात गेले की घरचे उणेदुणे चव्हाट्यावर. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण मौनाने जखम टळते का? कारण नसले की प्रत्येक भावंड आपापले कारण लावते, आणि खटला उभा राहतो तो बहुधा ‘बाबांनी असे केलेच नसते, हे तूच करवलेस’ या वाक्यावर. बापाचा राग मुलाला एकदा वाचावा लागतो. बहिणीवरचा संशय दिवाणी न्यायालयात पंधरा वर्षे चालू शकतो.

आणि मग केरळच्या निकालाने समोर आणलेला प्रश्न उरतो. कारणच विषारी असेल तर? मुलीने परजातीत लग्न केले, म्हणून वगळले, हे लिहिण्याला आपण उत्तेजन द्यायचे का? हा प्रश्न जुना आहे. १८५० च्या कायद्याने जात किंवा धर्म सोडल्यामुळे वारसा हक्क जाणे बंद झाले. पुढच्याच वर्षी कोलकात्यातले नामांकित वकील प्रसन्नकुमार टागोर यांचा एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. कायदा त्याचा वारसा काढून घेऊ शकत नव्हता, म्हणून वडिलांनी ते मृत्युपत्राने केले. मिळकत आधी पुतण्याला हयातभर आणि पुढे ठरवून दिलेल्या पुरुष वंशाला, अशी लांबच लांब रचना त्यांनी केली. १८७२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निकाल दिला की बापाला मुलाला वगळता येते, पण हिंदू कायद्याला ठाऊक नसलेला नवा वारसाक्रम निर्माण करता येत नाही. पुतण्याच्या हयातीपुरतेच दान टिकले. त्यापुढची मिळकत ज्या मुलाला वगळायचे होते, त्याच्याकडेच वारसाने गेली. या निकालातला नियम आजही लागू आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे: ‘याला देऊ नये’ एवढे लिहून वारसाचा हक्क जात नाही, मिळकत दुसऱ्या कोणाला तरी कायदेशीर रीतीने द्यावी लागते. जे कोणालाच दिले नाही ते वगळलेल्यालाही वारसाने मिळते. वर्तमानपत्रात ‘मुलाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही’ अशी जाहीर नोटीस देणाऱ्या आईबापांनी हे समजून घ्यावे. तशी नोटीस मुलाचा वारसा हक्क संपवत नाही.

टागोरांचे कारण आज आपल्याला अन्यायाचे वाटते, केरळच्या वडिलांचेही. मला तर त्या मुलीची बाजू पूर्ण पटते. पण कारण न लिहिण्याचा सल्ला दिल्याने तिला काही मिळाले असते का? आपल्याकडे मुलींना वगळण्याचे काम बहुतेक वेळा कारण न देताच होते, किंवा ‘लग्नात भरपूर खर्च केला’ या एका ओळीत उरकले जाते. कारण कागदावर आले तर ते निदान तपासता येते, समाजाला त्यावर बोलता येते, आणि वाईट कारणांचा साठा वाढलेला दिसला तर विधिमंडळाला कायदा बदलता येतो. न्यायाधीशाने स्वतःच्या नीतीने मृत्युपत्रे दुरुस्त करायची ठरवले, तर आज तो पुरोगामी बाजूने करेल आणि उद्या दुसरा न्यायाधीश जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला दिलेली मिळकत ‘अस्वाभाविक’ म्हणून काढून घेईल. ते शस्त्र मला कोणाच्याच हाती नको आहे. अवलंबून असलेल्यांसाठी कायद्यात आधार आहेच: अल्पवयीन मुलगा आणि अविवाहित मुलगी यांना मृत्युपत्राने काही मिळाले नाही तरी १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने मिळकत घेणाऱ्यांकडून पोटगी मागता येते. ज्यांना हा आधार तोकडा वाटतो त्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमानुसार निम्मी मिळकत मुलांसाठी राखीव असते आणि उरलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र करता येते. राखीव वाट्यातून मुलाला बेदखल करायचे तर कायद्याने मोजून दिलेल्या कारणांपैकीच कारण लागते, ते मृत्युपत्रातच लिहावे लागते, आणि मुलाने ते नाकारले तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी फायदा घेणाऱ्यांवर येते. समाजाबाहेरचे लग्न हे पुरेसे कारण नसावे असे ज्यांना वाटते, त्यांनी असा कायदा महाराष्ट्रात मागावा. ती मागणी सरळ आहे आणि मी तिच्या बाजूने उभा राहीन.

तसा कायदा येईपर्यंत मृत्युपत्र करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, आणि कारण लिहिले की त्यावर तारीखही बसते. २०१९ साली लिहिलेले ‘मुलगा बोलत नाही’ हे कारण २०२४ मध्ये मुलगा घरी राहायला आल्यावर खरे राहत नाही. मग वडील गेल्यावर वकील विचारतो, कारण संपले होते तर मृत्युपत्र का बदलले नाही? वडिलांना ते कपाटात आहे हे तरी आठवत होते का? म्हणून निर्णय तोच ठेवायचा असेल, तरी दोन साक्षीदारांसमोर एक पानाचे पुरवणी मृत्युपत्र करावे आणि त्यात लिहावे की मुलगा परत आला आहे, मला त्याचा आनंद आहे, आणि तरीही फ्लॅट मुलीलाच द्यायचा आहे.